गणपतीच्या खोलीतले चार तास

नागपंचमीनंतरचा पहिला रविवार, सकाळी साडेदहा. मागितलेली रक्कम: रोजचे चार तास, दुपारी दोन ते सहा, सोमवार ते शुक्रवार, आणि एक खोली. हजर: थोरला भाऊ, म्हणजे दादा; वहिनी; माझी बायको सुमन; आणि मी. स्थळ: आमच्या घराची साल, म्हणजे पुढची बैठकीची खोली. टीव्ही चालू होता. बंद कर म्हटल्यावर दादाने आवाज कमी केला. आमच्या घरात याहून जास्त सन्मान कोणत्याही विषयाला मिळत नाही.

यंदा पुन्हा डिचोलीच्या बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळांच्या मांडवाचं, सामान आलं आहे. रस्त्याच्या कडेला गोणपाटावर तोरिंगणं, कवंडळं, आंबाडे आणि हिरव्या सुपाऱ्यांचे घोस मांडून रानातल्या बायका बसल्या आहेत. कवंडळाचा तो भडक नारिंगी रंग पाहिला की लोकांना चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आठवते. मला गेल्या वर्षीचा तो रविवार आठवतो, आणि माझा एक तक्ता आठवतो. तो तक्ता मी अजून फाडलेला नाही. स्वतःच्या मूर्खपणाचा पुरावा जपून ठेवावा, उपयोगी पडतो.

आधी काम काय ते सांगतो, कारण घरात मी ते चार वेळा सांगितलं आणि चारही वेळा उपयोग झाला नाही. मुरगाव बंदरात खनिजाच्या जहाजांच्या कचेरीत मी बावीस वर्षं कारकून होतो. सकाळी सव्वासहाची बस, पणजीला दुसरी, रात्री आठला घरी. मग ती कचेरी मिटली आणि दीड वर्ष मी घरी बसलो. त्यानंतर मुंबईच्या एका कंपनीने मला घरून काम दिलं. जहाजाला माल चढवायला ठरावीक वेळ दिलेला असतो. त्याहून जास्त लागला तर माल पाठवणाऱ्याने जहाजमालकाला दंड द्यायचा, कमी लागला तर उलट बक्षीस. बंदरावर मिनिटामिनिटाची नोंद होते: जहाज लागलं कधी, काम सुरू कधी, बंद कधी, का बंद. तांदूळ, साखर असा माल असेल आणि पाऊस आला तर जहाजाच्या कोठारावर फळ्या टाकून काम थांबवतात, आणि पावसाचा वेळ हिशेबात धरत नाहीत. तो कोणाचाच दोष नाही. बाकी सगळा वेळ कोणाच्या तरी माथी बसतो. तो कोणाच्या, हे मी ठरवतो आणि मग फोनवर भांडतो. जहाजमालक बहुतेक ग्रीसमधले. ते त्यांच्या साडेअकराला जागेवर येतात, तेव्हा आपल्याकडे दुपारचे दोन वाजलेले असतात. म्हणून दोन ते सहा. ही वेळ मी निवडलेली नव्हती, पृथ्वीने निवडली होती.

नेमणूक तीन महिन्यांच्या चाचणीवर होती, आणि पत्रात एक अट स्वच्छ लिहिली होती: सर्व कॉल बंद, शांत खोलीतून घ्यावेत. एकावन्नाव्या वर्षी चाचणीवर राहणं म्हणजे काय, ते ज्याने दीड वर्ष बायकोच्या शिलाईच्या पैशावर मासळी खाल्ली आहे त्यालाच कळेल. हे काम गेलं असतं तर दुसरं येणार नव्हतं.

मी तयारीशिवाय मागणी करत नाही. आदल्या आठवड्यात मी पाचही खोल्यांत फोन ठेवून दोन-दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण केलं होतं. सालीत टीव्ही, पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा आणि मासळीवाली. आमच्या झोपायच्या खोलीवर पत्रा आहे. पावसात तिथे बोलणं म्हणजे ताशाच्या पोटात बसून बोलणं. दादा-वहिनीची खोली त्यांची. स्वयंपाकघराबद्दल लिहिण्यासारखं नाही. उरली मागची गणपतीची खोली. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, वर स्लॅब, रस्त्याच्या बाजूला खिडकी नाही. दोन मिनिटांच्या मुद्रणात एक पाल चुकचुकली, तेवढंच.

या खोलीत वर्षाचे पाच दिवस गणपती बसतो. उरलेले तीनशे साठ दिवस ती रिकामी, कोनाड्यात एक समई आणि वर माटोळीसाठी आकडे. हा हिशेब मी त्या रविवारी दोनदा सांगितला. तीनशे साठ दिवस. एवढी जागा फुकट पडून असलेलं गोदाम मुरगावात कोणी ठेवलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं.

दादा सरकारी बसवर बत्तीस वर्षं कंडक्टर होता. त्याच्या लेखी काम म्हणजे जे घराबाहेर पडून, गणवेश घालून आणि लोकांवर ओरडून केलं जातं ते.

"तुका चार तास कित्याक जाय? तू घराच आसा मरे."

"घरी आहे म्हणूनच पाहिजे. बाहेर असतो तर मागितले असते का?"

"फोन करपाक दार कित्याक धांपूंक जाय? आमी काय चोरतले तुजो फोन?"

मी सांगितलं. कॉल चालू असताना माझ्याकडचा प्रत्येक आवाज तिकडे जातो. बोलत नसेन तेव्हा मी माझा आवाज बंद ठेवतो, पण प्रश्न कधी येईल ते माहीत नसतं, आणि आला की दोन सेकंदांत बोलावं लागतं. त्या दोन सेकंदांत मागून कोणी नारळ किती काढू विचारलं तर तेही ग्रीसला ऐकू जातं. म्हणून दार बंद म्हणजे बंद. टकटक नाही, चहा नाही, दार ढकलून डोकावून "कांय ना, पळयतालें" नाही. आग लागली, कोणी पडलं, वीज गेली, या तीन गोष्टींसाठी हाक मारा. बाकी सगळं सहानंतर. तरीही गरज पडली तर दाराखालून चिठ्ठी सरकवा.

"चिठी," दादा म्हणाला. "घरांतल्या घरांत पोस्ट."

सुमन म्हणाली, "दोन ते सहा, चारच तास ना? दिवया." सुमन पेडण्याची. तिच्या माहेरची माणसं कमी बोलतात आणि कामाचं बोलतात.

"खोली रितीच आसा," दादाने निकाल दिला. "पूण चवथीच्या आदीं खाली करूंक जाय. देवाक तुजी ग्रीस नाका."

मी रीतसर विचारलं, कोणाची हरकत? वहिनीने तेवढा एकच प्रश्न केला.

"कितले दीस?"

"दिवस कसले, वहिनी. रोज."

ती म्हणाली, "बरें," आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेली. मी वहीत लिहिलं: हरकत नाही. एकमताने मंजूर.

सोमवारी सकाळी मी खोली लावली. मेज, एक कदेल म्हणजे खुर्ची, राउटरपासून अकरा मीटर वायर भिंतीच्या कडेने खिळे मारून. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून समोरच्या भिंतीवर दोन जुन्या गोधड्या टांगल्या. इन्व्हर्टरची एक जोडणी फक्त राउटरला आणि माझ्या लॅपटॉपला, म्हणजे वीज गेली तरी दोन तास निभावतील. दारावर पुठ्ठा लावला. एका बाजूला तांबडा कागद, दुसऱ्या बाजूला हिरवा. खोलीतून काढलेल्या वस्तूंची यादी केली, ती वहीत आहे: समई एक, पाट दोन, चटई एक, उशी एक. समई आणि पाट देवघरात. दारामागे गुंडाळून ठेवलेली चटई आणि उशी माळ्यावर टाकली. उशीचा अभ्रा धुतलेला होता. हेही मला दिसलं होतं. दिसलं आणि मी पुढच्या ओळीवर गेलो.

त्या दिवसांबद्दल लिहायला घेतलं की मला आधी वास येतो. टांगलेल्या गोधड्यांचा डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि दगडी भिंतीतून पावसाळ्यात पाझरतो तो थंड, ओला वास. बाहेर शेतात भात गुडघ्याएवढं झालेलं. संध्याकाळी सातनंतर शेजाऱ्यांकडे आरतीसाठी घुमट या मातीच्या वाद्याचा सराव. तो माझ्या वेळेबाहेर होता, म्हणून त्याच्याशी माझं भांडण नव्हतं. मी वेळेत आत जायचो, कानावर हेडफोन चढवायचो आणि जगातल्या सर्वात रिकाम्या गप्पांना हजर राहायचो.

तेही सांगायला हवं. अडीच वाजता रोज आमच्या गटाचा कॉल. पंधरा मिनिटांचा म्हणून ठरलेला, पन्नास मिनिटं चालायचा. सात माणसं आळीपाळीने काल काय केलं आणि आज काय करणार ते सांगत. जे काल करणार होते ते आज करणार, असं सहा जण सांगत. आमचे साहेब, वय बत्तीस, मुंबईतल्या त्यांच्या घरातून बोलत. त्यांचा कुत्रा भुंकला की सगळे कौतुकाने हसत. कुत्र्याचं नाव सगळ्यांना पाठ होतं. माझ्याकडे तिसऱ्याच दिवशी मागून मिक्सर सुरू झाला तेव्हा कोणी हसलं नाही. साहेब म्हणाले, "प्लीज तुमचं एन्व्हायर्न्मेंट जरा बघा." मुंबईचा कुत्रा म्हणजे घरपण आणि डिचोलीचा मिक्सर म्हणजे व्यत्यय.

मिक्सर वहिनीचा होता. बरोबर अडीच वाजता. दुसऱ्या दिवशी पावणेतीनला तिने मागच्या पडवीत सुकी मासळी कुटायला घेतली. त्याच्या पुढच्या दिवशी दाराशी येऊन, पुठ्ठा तांबडा असताना, विचारलं, "पाडेली केन्ना येतलो?" नारळ पाडणारा माणूस कधी येणार, हे त्या घटकेला ग्रीससह सगळ्यांनी ऐकलं. दादाही कमी नव्हता. तांबडा कागद त्याला बसची आठवण करून देई. दारावर दोनदा थाप मारून तो "चल, सोड" म्हणायचा आणि स्वतःच हसत जायचा. पण दादा दिवसातून एकदा. वहिनीचं मात्र सुरूच.

आणि माणसं. आमच्याकडे दिवसा आतल्या खोलीला कडी लागत नाही. लागली तर आत कोणी आजारी आहे असं समजतात. दुसऱ्या आठवड्यात शेजारचे शाणूमाम येऊन व्हरांड्यात बसले. दाराला कान लावल्यासारखं मी ऐकत होतो, कारण तेव्हा माझी पाळी नव्हती.

"बाबू खंय?" बाबू म्हणजे मी.

"निजला," वहिनी म्हणाली.

"ह्या वेळार? बरो आसा मरे तो?"

"बरो आसा. निजला."

संध्याकाळी मी तिला विचारलं, वहिनी, मी झोपलो असं का सांगता? काम करतो म्हणून सांगा. लोक समजतील हा दिवसभर लोळतो. ती म्हणाली, "दोन वरांर दार धांपून मनीस आनीक कितें करता?" मला तिचा राग आला. वर्गात सगळ्यात मागे बसणाऱ्या मुलीला समजवावं तसं मी तिला पुन्हा जहाजाचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. शाणूमामांनी तेवढ्यात बातमी पोचवली होती. दोन दिवसांनी एका म्हाताऱ्याने बाजारात माझा हात धरून मधुमेहावर पाला सांगितला.

तेव्हा मी तक्ता केला. माझ्या धंद्याची जी रीत तीच लावली: तारीख, सुरुवात, शेवट, कारण, कोणामुळे. दहा कामाचे दिवस, चाळीस तास. व्यत्यय त्रेसष्ट. गेलेला वेळ एकशे अठ्ठ्याण्णव मिनिटं. मी तो सुबक आखून, खाली बेरीज करून, पुढच्या शनिवारी जेवणं झाल्यावर दादापुढे ठेवला. वहिनी भांडी आवरत होती, सुमन तिच्या मदतीला.

दादाने चष्मा लावला. माणूस अडाणी नाही. बत्तीस वर्षं तिकिटांचा हिशेब एका रुपयाने चुकला नव्हता. त्याने पान उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं.

"पाऊस आयलो काय तुमी वेळ धरिनात न्ही?"

"नाही धरत."

"मागीर हांगाय तेंच मांड. तुज्या कागदार आमी सगळीं पावस."

सुमन हसली. मला ते झोंबलं, म्हणून मी आणखी मुद्देसूद झालो. म्हटलं, विनोद नको. आकडे बघ. त्रेसष्टातले सेहेचाळीस दोन ते साडेतीनच्या आत आहेत. त्यातले अडतीस एकट्या वहिनीचे. साडेतीननंतर घर बरंचसं शांत असतं. म्हणजे हे आपोआप होत नाही. ठरावीक दीड तासात ठरावीक माणूस आवाज करतो. मुंबईहून एकदा ताकीद आली आहे. दुसरी आली तर मी पुन्हा घरी बसेन, आणि मग तुम्ही मला रोज दोन ते सहा खुशाल हाका मारा.

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. वहिनी पदराला हात पुसत दारात आली.

"म्हजे अडतीस?"

"अडतीस."

"आतां करचें ना," ती म्हणाली. तिने कागद मागितला नाही.

आणि खरंच, सोमवारपासून आवाज बंद झाला. मिक्सर नाही, कुटणं नाही, हाक नाही. मी वहीत शून्य लिहू लागलो. शून्य, शून्य, शून्य. आकडे दाखवले की माणसं सुधारतात, असं माझं मत पक्कं झालं. पाणी प्यायला बाहेर आलो की वहिनी मागच्या दाराच्या पायरीवर बसलेली दिसायची, भिंतीला टेकून, हात मांडीवर. पावसाचे शिंतोडे पायावर येत असायचे. एकदा तिची मान कलंडली होती आणि माझ्या पावलाने ती दचकून उठली. "कितें जाय?" म्हणाली. मी म्हटलं, काही नको. मला वाटलं, किती रिकामा वेळ असतो बायकांना.

हे वाक्य मी तेव्हा खरोखर मनात म्हटलं होतं. इथे दुसरं लिहिण्यात अर्थ नाही.

चवथीआधीचा रविवार खोली साफ करण्याचा. माझं मेज, वायर, गोधड्या निघाल्या. माटोळीची लाकडी चौकट माळ्यावर असते, ती उतरवायला मी शिडी चढलो. खाली दादा धरायला, वहिनी आणि सुमन झाडू घेऊन. चौकटीबरोबर चटई घसरली आणि उशीसकट खाली पडली. पावसाळी माळ्यावर तीन आठवडे. चटईला बुरशी धरली होती, उशी ओली लागत होती.

वहिनीने ती उचलली. उशी उलटीसुलटी करून पाहिली.

"ही हांगा कोणें दवरली?"

"मीच," शिडीवरून मी म्हटलं. "खोलीत पडली होती. कोणाची आहे?"

 चटई उन्हात घालायला म्हणून ती अंगणात गेली. ऊन नव्हतं.

सुमन खालून माझ्याकडे बघत होती. "तिची," ती म्हणाली.

"मग इथे काय करत होती?"

"ती हांगा निजताली. दोन ते साडेतीन. लग्न जावन आयली तेन्नासून, रोज. पांच वरांर उठटा ती. जेवणां जातकच भितर येवन दार धांपताली." आणि मग, "तुमकां म्हायत ना, म्हणपाचें म्हाका खबर नाशिल्लें. हांव समजलें, तुमी तिका विचारलां."

मी शिडीवरच हिशेब केला, सवयीने. वहिनीच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं. त्यातली बावीस मी मुरगावला होतो, त्याआधीची दुसऱ्या एका कचेरीत. दुपारचं घर मी पाहिलंच नव्हतं. रविवारी जेवून मीच तीन तास झोपायचो. घरी बसलो त्या दीड वर्षात दुपारी मी कामाच्या शोधात डिचोलीत आणि म्हापशात फिरायचो. तीनशे साठ रिकामे दिवस मोजणारा मी, त्या खोलीत एकदाही दुपारी दोनला पाऊल टाकलेलं नव्हतं. ध्वनिमुद्रणही मी सकाळी नऊला केलं होतं.

मी दादाकडे पाहिलं. त्याला तरी माहीत असेल.

"म्हाका दिसतालें, ती परड्यांत आसता," दादा म्हणाला. परडं म्हणजे मागची बाग. अठ्ठावीस वर्षं, पाळी नसलेल्या दुपारी आणि निवृत्तीनंतर रोजच, तो बायको दुपारी भाजीला पाणी घालते असं समजत होता, टीव्हीसमोर बसून, आवाज मोठा करून. तिकिटाचा एक रुपया ज्याने चुकवला नाही त्याने हा दीड तास सरळ सोडला होता. मला त्याचा तिरस्कार वाटायला हवा होता, पण आम्ही दोघंही त्याच एका शिडीला धरून होतो.

तक्त्यातले सेहेचाळीस आता नीट वाचता येत होते. अठ्ठावीस वर्षं जी बाई दोन ते साडेतीन झोपलेली होती म्हणून घर त्या वेळात गप्प असे, तिला मी जागं ठेवलं होतं. जागी बाई काम करते. काम केलं की आवाज होतो. तो आवाज मी मोजून तिच्याच नावावर मांडला, आणि चारचौघांत वाचला. मग ती पायरीवर बसली, कारण पायरीला आवाज नसतो. आणि "निजला" असं ती शाणूमामांना सांगायची, त्याचाही अर्थ लागला. त्या वेळी ते दार बंद करण्याचं दुसरं कारण तिला माहीतच नव्हतं.

ती त्या पहिल्या रविवारी बोलली का नाही, हे मी पुढे खूप दिवस मनात घोळवलं. मला जे मागायला पाच खोल्यांची चाचणी, पत्रातली अट आणि पृथ्वीची फिरण्याची दिशा लागली, ते तिने कधी मागितलंच नव्हतं. मागितलं असतं तर दादा म्हणाला असता, तुका दीड तास कित्याक जाय, तू घराच आसा मरे. तिने फक्त विचारलं, कितले दीस. चार दिवस असते तर तिने सोसले असते.

सोमवारी सकाळी मी साहेबांना चार ओळी लिहिल्या. दुपारी दोन ते साडेतीन मला खोली उपलब्ध नाही. चवथीची रजा संपल्यावर मी साडेतीनपासून सहापर्यंत, आणि लागल्यास आठपर्यंत, कॉलवर असेन. अडीचचा कॉल त्यापुढे घेता आला तर बरं. न आल्यास कळवावे. कारण लिहिलं नाही. लिहून चार वेळा वाचलं. चाचणीचे दहा आठवडे उरले होते आणि एक ताकीद खात्यात होती. पाठवल्यावर सुमनने चहा आणून दिला.  तिच्या शिवणयंत्राजवळ कापडांचा गठ्ठा नेहमीसारखाच होता.

उत्तर तयेच्या दिवशी आलं, म्हणजे चवथीच्या आदल्या दिवशी. सगळे माटोळी बांधत होतो. दादा खालून सुपाऱ्यांचे घोस देत होता, मी वर आकड्याला बांधत होतो, तोरिंगणाचा आंबट वास हाताला लागला होता. खिशातला फोन वाजला. मी शिडीवरच वाचलं. साहेबांचं एका ओळीचं उत्तर: ठीक, पावणेचार सगळ्यांना चालेल.

बस. ज्या अडीचच्या कॉलसाठी मी एका बाईची अठ्ठावीस वर्षांची झोप उचलून माळ्यावर टाकली, तो कॉल एका ओळीने हलला. सात माणसांपैकी एकाचंही काही अडलं नाही. ग्रीसच्या माणसांना विचारलं तर म्हणाले, त्यांच्या एक वाजल्यानंतरच बोललेलं त्यांना बरं. पृथ्वीने काही ठरवलेलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं, एवढंच. साहेबांचा कुत्रा आता पावणेचारला भुंकतो.

गणपती पाच दिवस बसला आणि गेला. खोलीत उदबत्तीचा आणि सुकत चाललेल्या फळांचा वास राहिला. मी मेज पुन्हा लावलं, पण गोधडी एकच टांगली. दुसरीच्या खालची जागा चटईसाठी मोकळी ठेवली. बाजारातून नवी चटई आणि उशी आणून दारामागे, जिथे जुनी होती तिथेच, गुंडाळून उभी केली. पहिल्या दिवशी दोनला पाच मिनिटं कमी असताना मी लॅपटॉप उचलून बाहेर आलो. वहिनी पायरीवर होती.

"आयज फोन ना?"

"साडेतीनांक. खोली तुमची आहे तोपर्यंत."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग सुमनकडे. "म्हाका आतां न्हीद येना," ती म्हणाली. "संवय मोडली." आणि पाय जरा आत घेऊन तिथेच बसून राहिली.

मला क्षमा मागायची होती. पण आमच्या घरात धाकटा दीर वहिनीची क्षमा कशी मागतो, याची रीत कोणी घालून दिलेली नाही. आणि खोली रिकामी करून दिल्याबद्दल तिने मला बरं म्हणावं असं मला वाटत होतं, हे तर फारच हलकं होतं. मी सालीत बसून कागद चाळत राहिलो. टीव्ही बंद होता. दादाने तो जेवणानंतर स्वतःच्या हाताने बंद केला होता आणि तसं केल्याचं कोणाला सांगितलं नव्हतं. त्याच्या आयुष्यातली ही पहिलीच गोष्ट असावी.

अशा आठ दुपारी गेल्या. नवव्या दिवशी दोन वाजून दहा मिनिटांनी मागे दार लागल्याचा आवाज आला. कडी नाही, नुसतं दार.

त्याच वेळी शाणूमाम व्हरांड्यात चढले. छत्री झटकून टेकवली, बाकावर बसले.

"वयनी खंय? म्हाका तिच्याकडल्यान मिरसांगो जाय आशिल्ल्यो."

"मीटिंगेंत आसा," मी म्हटलं.

"कोण, वयनी?"

"साडेतीन मेरेन. दार धांपलां. मिरच्या मागीर."

शाणूमाम दादाकडे वळले. दादाने वर्तमानपत्र खाली केलं नाही. "तांबडो कागद आसा," तो म्हणाला. "भितर वचपाक मेळचें ना."

चाचणी पार पडली, पत्र आलं. तेव्हा चाललेला एका तांदळाच्या जहाजाचा वादही मिटला. पावसाचे सगळे तास वजा झाले. तेव्हापासून हिशेब असा आहे. मागितले होते चार तास. काम होतं अडीच तासांत, कधी तीन. शेवटी दिला तो रोजचा दीड तास, दोन ते साडेतीन, सोमवार ते शुक्रवार आणि आता शनिवार-रविवारही. दिला वहिनीला. तो तिचाच होता.